पावसात भिजलेल्या चामडी बुटांवरची पांढरी रेघ : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी नागपुरात चामड्याच्या वस्तू दुरुस्त करतो. जुलै उजाडला की टेबलावर बुटांची रांग लागते आणि त्यातले निम्मे तरी एकाच तक्रारीचे असतात : सोलच्या वर बोटभर अंतरावर, बुटाला वेढा घालून गेलेली एक पांढरी नागमोडी रेघ. लोक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मुख्य भर आहे तो पॉलिश चढणाऱ्या गुळगुळीत चामड्याच्या, ऑफिसला घालायच्या बुटांवर. बाकीच्या चपला-बुटांबद्दल पुढे थोडक्यात आहे.

बूट वाळला की पांढरी रेघ उमटते. ती नेमकी कशाची?

क्षारांची, म्हणजे साध्या भाषेत मिठाची. फक्त खायचं मीठ असं नाही. पाण्यात विरघळणारे जे जे क्षार असतात ते सगळे.

भिंतीला ओल येते तेव्हा काय होतं ते आठवा. ओल खालून वर चढते, एका उंचीवर थांबते आणि तिथेच भिंतीला पांढरी पूड फुलते. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. बुटाचंही तसंच होतं. डबक्यातलं पाणी सोलच्या शिवणीतून आणि चामड्याच्या धाग्याधाग्यातून वर चढतं. जिथे ओला भाग संपून कोरडा सुरू होतो, तिथे पाण्याची वाफ होत राहते. पाणी उडतं, क्षार मात्र उडत नाहीत. मागून नवं पाणी आणखी क्षार घेऊन तिथेच येतं. बूट वाळेपर्यंत त्या सीमेवर इतका क्षार साचतो की डोळ्यांना पांढरा दिसू लागतो. म्हणून डाग कधी बुटाच्या मधोमध गोल पडत नाही, तो ओलाव्याच्या काठावर रेघेसारखा पडतो. करंगळीच्या बाजूला, चालताना बूट मुडपतो त्या घडीत तो जास्त दाट असतो, कारण तिथे चामडं उघडं पडतं आणि पाणी लवकर आत शिरतं.

नागपुरात समुद्र नाही, मग डबक्यात मीठ आलं कुठून?

प्रश्न रास्त आहे. थोडं रस्त्यावरून, थोडं मातीतून आणि थोडं चक्क बुटाच्या आतून.

शहरातले पुष्कळ रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत आणि कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं. सिमेंटवरून वाहणारं पाणी त्यातले क्षार आणि चुना घेऊन येतं. आपल्याकडची काळी माती चुन्याची. नांगरलेल्या शेतात किंवा घराचा पाया खणताना चुनखडीचे पांढरे खडे दिसतात ते याच मातीतले. त्यात गटार तुंबून रस्त्यावर आलं असेल तर साबणाचं पाणी आणि नाल्याची घाण मिसळते.

चामड्यात स्वतःचं मीठही असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कातडं कुजू नये म्हणून आधी मीठ लावून ठेवतात, नंतर कमावतानाही मीठ आणि आम्ल वापरतात. ते धुऊन काढतात, पण पूर्ण निघत नाही. पायाचा घाम वर्षभर आतून मुरत असतो, तोही खारटच. म्हणून निव्वळ पावसाच्या सरीत भिजलेल्या, डबक्यात पाय न घातलेल्या बुटावरही कधी कधी पुसटशी रेघ येते. डबक्यातून आलेली रेघ मात्र जाड आणि खालून मोजलेल्या उंचीवर असते.

हे मीठच आहे की बुरशी, कसं ओळखायचं?

आधी हे ओळखा आणि मगच व्हिनेगरची बाटली उघडा. पांढरं दिसणाऱ्या चार गोष्टी असतात आणि चारींचा उपाय वेगळा.

ओलं बोट रेघेवरून फिरवा. रेघ लगेच दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली, तर क्षार. रेघ ओली असताना फिकी पडते पण बोटाला खरखरीत लागते, आणि व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बारीक बुडबुडे येतात, तर तो चुना किंवा सिमेंटचा राप.

बुरशीला काठ नसतो. ती ठिपक्याठिपक्यांनी, कुठेही, बहुधा बुटाच्या आत आणि लेसखालच्या पट्टीच्या, म्हणजे बुटाच्या जिभेच्या, खाली जास्त असते, उजेडात तिरकी धरली की कापसासारखी लव दिसते आणि कोंदट वास येतो.

चौथी गोष्ट म्हणजे चामड्यातली चरबी वर येणं. हा धुक्यासारखा पांढरट थर असतो, पाण्यानं त्याला काही होत नाही, पण हेअर ड्रायरची कोमट हवा हातभर अंतरावरून दाखवली की तो विरघळून आत जातो. त्याला व्हिनेगरची गरजच नाही, कोमट करून मऊ फडक्यानं घासला की झालं.

“दादा, पुसलं का जाते, वाळलं का येते.” असं का?

दर पावसाळ्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. याचं उत्तर कळलं की बाकी सगळं काम सोपं होतं.

रेघ वर दिसते, पण मीठ आत असतं. वर दिसणारी पांढरी पूड हा त्याचा थोडासाच भाग. तुम्ही ओल्या फडक्यानं फक्त रेघ पुसता तेव्हा वरची पूड थोडी फडक्यावर येते आणि बरीचशी विरघळून परत चामड्यात शिरते. शिवाय तुम्ही त्या जागी एक नवा ओला पट्टा तयार केलेला असतो, आणि त्या पट्ट्यालाही दोन काठ असतात. वाळताना त्या काठांवर क्षार पुन्हा गोळा होतात. म्हणून एका रेघेच्या दोन रेघा झाल्याची तक्रार घेऊन लोक येतात. त्यांनी काही चुकीचं औषध लावलेलं नसतं, फक्त अर्धा बूट कोरडा ठेवलेला असतो.

आणखी एक फसवणूक हवा करते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच बुटावरच्या मिठालाही सुटतं. झड लागलेली असेल तर रेघ दिसतच नाही, माणसाला वाटतं गेली. दोन दिवस ऊन पडलं की हजर. त्यामुळे बूट साफ झाला की नाही हे झडीच्या दिवशी ठरवू नका.

मग काढायचं कसं? एकदा पूर्ण सांगा.

एका खऱ्या बुटावरून सांगतो. बँकेत नोकरी करणारे एक काका गेल्या पावसाळ्यात गडद तपकिरी, लेसचे बूट घेऊन आले. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं, गाडी बंद पडली आणि ते लेसच्या गाठीपर्यंतच्या पाण्यातून ती ढकलत बाहेर आले. बूट खिडकीत ठेवले. तिसऱ्या दिवशी रेघ दिसली, ती झाकायला घरच्यांनी वरून मेणाचं पॉलिश फासलं. माझ्याकडे आले तेव्हा रेघ पांढरी नाही, राखाडी दिसत होती आणि बोट फिरवलं तर तिथे बारीक उंचवटा लागत होता.

पहिलं काम लेस आणि आतले तळ काढायचं. लेस वेगळ्या धुवायच्या, कारण त्याही क्षार धरून बसतात आणि छिद्रांभोवती पांढरी वलयं उठवतात. मग कोरड्या ब्रशनं सगळी वाळलेली माती झाडली, सोल आणि चामडं जिथे मिळतं ती खाच जुन्या टूथब्रशनं कोरली. ही खाच नीट झाडली नाही तर पुढे पाणी लागल्यावर तिथूनच नवा क्षार वर चढतो.

दुसरं काम पॉलिश उतरवायचं. मेणाचा थर असेल तर पाणी आत शिरणार नाही आणि आत न शिरलेलं पाणी मीठ बाहेर आणणार नाही. रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन फडक्याच्या टोकाला जेमतेम ओल लागेल इतकं घेतलं आणि हलक्या हातानं सगळीकडून एकदा पुसून काढलं. हे खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब करायचं. फडक्यावर तपकिरी मेण आलं की थांबायचं. त्यापुढे घासलं तर बुटाचा रंगच येऊ लागतो. ज्या बुटावर रेघेनंतर पॉलिश लावलेलं नाही, त्याला ही पायरी लागत नाही.

मग धुणं. वाटीत दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर आणि चार मोठे चमचे पाणी, एका जोडीला इतकं पुरतं. पांढरं सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पिळायचं, आणि शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण तुकडा पुसायचा. बुटाचं वरचं चामडं तीन-चार तुकड्यांचं शिवलेलं असतं : पुढचा, दोन बाजूंचे, मागचा. रेघ ज्या तुकड्यावर आहे तो तुकडा कडेपासून कडेपर्यंत सारखा ओला दिसला पाहिजे, म्हणजे मध्ये कुठे काठ उरत नाही. काकांच्या बुटावर रेघ चारही बाजूंनी होती, म्हणून अख्खा बूट घेतला, जो स्वच्छ दिसत होता तो वरचा भागसुद्धा. रेघेवर रगडायचं नाही. फडकं ठेवायचं, दाबायचं, उचलायचं, घडी बदलायची. दोन मिनिटांनी साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं तसंच पुन्हा, दोनदा. व्हिनेगर आत ठेवायचं नसतं.

इथपर्यंत बरेच जण करतात. पण मीठ खरं निघतं ते पुढच्या पायरीत. बूट ओलसर असतानाच त्याच्यावर साधा, छपाई नसलेला पांढरा टिश्यू पेपर तीन-चार पदर लावून, पाण्याचा हात फिरवून, घडी-सुरकुत्यांत नीट चिकटवायचा. बुटाला जणू कागदाची कात घालायची. टिश्यू नसेल तर जुन्या धुवट धोतराच्या पट्ट्या चालतात. आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि पंख्याखाली ठेवायचा. आता पाणी चामड्याच्या पृष्ठभागावरून न उडता कागदाच्या पृष्ठभागावरून उडतं, म्हणजे क्षार चामड्यातून निघून कागदात येऊन बसतात. सकाळी कागद कडक वाळून पापडासारखा सुटून येतो. काकांच्या डाव्या बुटाचा कागद सोडवला तेव्हा त्यावर जुन्या रेघेच्याच आकाराचा पिवळसर पट्टा आलेला होता आणि बोटात चुरताना तो बारीक रेतीसारखा लागत होता.

बूट पूर्ण वाळू दिला. डाव्या बुटावर काही उरलं नाही, उजव्यावर करंगळीच्या घडीत पुसटशी रेघ राहिली. तिथे पुन्हा व्हिनेगर नाही वापरलं. फक्त साधं पाणी आणि कागद, तोही पूर्ण तुकड्यावर. दुसऱ्या फेरीनंतर ती गेली. मग एक दिवस नुसते ठेवले, रेघ परत येते का पाहायला. नाही आली. पाचव्या दिवशी चामड्याचं क्रीम लावून परत दिले.

घाईत असाल तर कागदाची पायरी सोडून चालतं का? हलकी, केसासारखी बारीक रेघ असेल तर नुसत्या धुण्यानं जाते. बोटाला उंचवटा लागत असेल तर जात नाही.

व्हिनेगरच का? लिंबू, खायचा सोडा, साबण चालणार नाही का?

मीठ साध्या पाण्यातही विरघळतं, त्यासाठी व्हिनेगरची गरज नाही. व्हिनेगर हवं ते चुन्यासाठी. सिमेंटचा आणि काळ्या मातीचा चुना साध्या पाण्यानं सुटत नाही, हलक्या आम्लानं सुटतो. दुसरं कारण असं की कमावलेलं चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, साबणाचं आणि सिमेंटचं पाणी त्याच्या उलट. पातळ व्हिनेगर चामड्याला त्याच्या स्वभावाकडे परत नेतं.

याच कारणानं सोडा आणि कपड्यांची पावडर नको. दोन्ही चामड्याला उलट्या बाजूला ढकलतात, ते कडक होतं, आणि सोडा स्वतःच क्षार असल्यानं वाळल्यावर आणखी पांढरं सोडतो. लिंबात साखर आणि गर असतो, चिकटपणा राहतो, फिकट चामड्यावर डागही पडतो. सॅनिटायझर रंग काढतं.

किराणा दुकानात मिळणारं पांढरं, बिनरंगाचं व्हिनेगर घ्या. बाटलीवर आम्लाचं प्रमाण चार-पाच टक्के लिहिलेलं असतं. तपकिरी किंवा सफरचंदाचं नको. केमिकलच्या दुकानातलं तीव्र असिटिक ॲसिड तर अजिबात नको, ते हाताची कातडीही भाजतं. आणि काहीही असो, पहिल्यांदा बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला किंवा टाचेजवळ नाण्याएवढ्या जागेवर लावून बघा. फडक्यावर रंग आला तर व्हिनेगर आणखी निम्मं करा.

पाणी कोणतं घ्यायचं?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण विचारायला हवा. बोअरवेलचं पाणी घेऊ नका. ज्या पाण्यानं बादलीला आणि गिझरला पांढरा थर बसतो, त्याच पाण्यानं तुम्ही क्षार काढायला निघालात तर एक हात देतो आणि एक घेतो अशी गत होते. घरात आरओ फिल्टर असेल तर ते पाणी उत्तम. नसेल तर बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी डिस्टिल्ड वॉटर मिळतं, एका बाटलीत बरेच जोड होतात. तेही नको असेल तर मोकळ्या आकाशाखाली भांडं ठेवून धरलेलं पावसाचं पाणी, पहिली सर जाऊ देऊन. छपरावरून पन्हाळीतून आलेलं नको.

वाळवायला उन्हात ठेवू? कुलरसमोर?

उन्हात नको. पावसातल्या उघडिपीचं ऊन नागपुरात चांगलंच चटका देतं. वरचा थर झटकन वाळतो, आतला ओला राहतो, चामडं आकसतं आणि क्षार एकदम वर ओढला जाऊन रेघ उलट दाट होते. गॅसजवळ, फ्रिजच्या मागे, इस्त्रीनं, हे सगळे प्रकार त्याच रांगेतले. ड्रायरची गरम हवाही नको.

कुलर चालतो, पण पंप बंद ठेवून, नुसता पंखा म्हणून. पंप चालू असेल तर तुम्ही बुटाला ओली हवा घालत आहात. बूट जमिनीवर सपाट ठेवू नका, एका कुशीवर कलता ठेवा, म्हणजे सोलखालीही वारा जाईल. आतले कागदाचे बोळे पहिल्या दिवशी तीन-चार तासांनी बदला, नंतर सकाळ-संध्याकाळ. फिकट अस्तर असेल तर वर्तमानपत्राची शाई उतरते, तिथे कोरा कागद वापरा. ऑगस्टच्या दमट हवेत पूर्ण भिजलेला बूट वाळायला दोन दिवस लागतात, कधी तीन. हात घालून पाहिला तर वाळल्यासारखा वाटतो, पण आतला तळ गार लागला तर ओल आहे.

पॉलिश कधी करायचं?

पूर्ण वाळल्यावर एक दिवस थांबून. आधी क्रीम, मग पॉलिश. भिजून वाळलेल्या चामड्यातला तेलाचा अंश कमी झालेला असतो, त्यामुळे ते पुठ्ठ्यासारखं वाजतं. वाटाण्याएवढं क्रीम फडक्यावर घेऊन एका बुटाला पुरवा, रात्रभर मुरू द्या, सकाळी ब्रश मारा. डबीतलं मेणाचं पॉलिश त्याच्यावर.

रेघेवर थेट पॉलिश लावू नका, हे काकांच्या बुटावरून दिसलंच. मेणाखाली मीठ कोंडलं जातं, आणि मेण ओलाव्याला बाहेर पडू देत नाही म्हणून चामडं तिथेच तडकतं.

खोबरेल तेल लावायची आपल्याकडे फार सवय आहे. बुटाला ते नको. ते आत खोल उतरतं, चामडं काळपट आणि लिबलिबीत करतं, त्यावर मग पॉलिश बसत नाही.

रेघ गेली, पण तिथे चामडं फुगल्यासारखं राहिलं.

वारंवार मीठ साचलं की त्या पट्ट्यातले धागे फुगतात आणि दबलेले राहत नाहीत. तो भाग साध्या पाण्यानं ओलसर करा, स्टीलचा चमचा कोमट पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि त्याच्या पाठीनं उंचवटा मधून कडेकडे, हळूहळू दाबत न्या. आत मुठीएवढा कापडाचा बोळा घट्ट असू द्या, नाहीतर दाबायला आधार मिळत नाही. ताजा उंचवटा असेल तर बहुतेक बसतो. मागच्या वर्षीचा असेल तर कमी होतो, सपाट होत नाही. रंगही उडाला असेल तर त्याच छटेचं रंगीत क्रीम दोन-तीन हलके हात, एकदम जाड एक हात नाही.

सुएड किंवा नबकचे, म्हणजे लव असलेल्या चामड्याचे बूट आहेत.

आधी पूर्ण वाळू द्या. मग रबरी ब्रशनं किंवा साध्या खोडरबरानं लव उभी करत रेघ झाडा, बरीचशी पूड अशीच निघते. उरलेल्यासाठी तेच पातळ व्हिनेगर, पण फडकं फक्त टेकवायचं, आणि पुन्हा पूर्ण तुकडा. वाळताना मधून मधून ब्रश फिरवत राहा, नाहीतर लव चिकटून चकाकते. क्रीम-पॉलिश नाही. खरं सांगायचं तर नागपूरच्या पावसात सुएड घालून बाहेर पडू नये असं माझं मत आहे.

कोल्हापुरी चपलेवर डाग पडलेत.

कोल्हापुरी वेगळ्या पद्धतीनं, झाडांच्या साली आणि हिरड्यासारख्या फळांत कमावलेली असते. ती भिजली की बहुधा पांढरी नाही, काळपट-तपकिरी रेघ पडते. ती मिठाची नसते, कमावणीतला रंग पाण्याबरोबर वाहून काठावर साचलेला असतो. व्हिनेगरनं ती जाणार नाही. आरओच्या पाण्याचं पिळलेलं फडकं सगळ्या पट्ट्यावर आणि तळावर सारखं फिरवून रंग पसरू द्या आणि सावलीत, तळ वाकू नये म्हणून वर सपाट वजन ठेवून वाळवा. पूर्ण वाळल्यावर चपलेला तेलाचा हलका हात चालतो, बुटाला नाही. पांढरी पूड असेलच तर कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यात बुडवून धुऊ नका, तळाचे थर सुटतात.

रेक्झिनच्या बुटाला हेच करायचं?

इतकं काही नको. त्यात पाणी मुरत नाही, म्हणून मीठ वरच राहतं. ओल्या फडक्यानं पुसा. वरचा थर सोलून निघत असेल तर तो मिठाचा दोष नाही, त्या मालाचं वय झालं.

पावसाळा संपला, ऑक्टोबरमध्ये बूट बाहेर काढले तर पांढरे! ठेवताना स्वच्छ होते.

ठेवताना स्वच्छ दिसत होते. दमट हवेत मीठ विरघळलेल्या अवस्थेत आत बसलेलं होतं; ऑक्टोबरची कोरडी उष्ण हवा लागली आणि ते वर आलं. पण आधी ओल्या बोटाची परीक्षा करा, कारण बंद कपाटात ठेवलेल्या बुटावर बुरशीही तितकीच शक्य आहे. मीठ असेल तर वर सांगितलेली कागदाची पद्धत, आणि हा महिना त्यासाठी सगळ्यात चांगला. कोरड्या हवेत एका रात्रीत काम होतं, आणि निकालही दुसऱ्याच दिवशी कळतो.

ऑफिसला पोचलो तेव्हाच बूट भिजलेले. दिवसभर काय करू?

मीठ वाळायच्या आधी काढलं तर वरचे निम्मे उद्योग वाचतात, म्हणून हा वेळ सोन्याचा आहे. बाथरूममध्ये जाऊन टिश्यू ओला करून बूट पूर्ण पुसा, म्हणजे गढूळ पाणी जाऊन स्वच्छ पाणी राहील. ओला भाग आणि कोरडा भाग यांच्यामधला काठ ओल्या टिश्यूनं वरपर्यंत पसरवून मोडून टाका. नंतर कोरड्या टिश्यूनं टिपा. मोजे बदलता आले तर बदला, टेबलाखाली बूट काढून आत कागद कोंबा. पाण्यात गटार मिसळलेलं होतं असं वाटलं तर हात साबणानं धुवा. पायाला जखम असेल आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातून चाललो होतो हे आवर्जून सांगा.

आधीच काही लावून ठेवलं तर रेघ पडणार नाही?

कमी पडेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात, चामडं कोरडं असताना, क्रीम आणि त्यावर मेणाच्या पॉलिशचे दोन पातळ हात द्या, आणि सोल-चामड्याच्या खाचेत बोटानं मेण भरा. पाणी शिरतं ते मुख्यतः या खाचेतून. मग दर दहा-बारा दिवसांनी एक हात. घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहिलात तर मात्र मेण काही करू शकत नाही, पाणी वरून, लेसच्या बाजूनं आत येतं. त्या दिवसांसाठी डिकीत रबरी चपला ठेवा आणि बूट पिशवीत घाला.

कोणता बूट सोडून द्यावा?

रेघेच्या जागी चामडं वाकवल्यावर आडव्या भेगा उघडतात आणि आतले धागे दिसतात, तो. मीठ निघेल, भेग भरणार नाही.

आतला तळ पुठ्ठ्याचा असेल आणि तो भिजून पोचट झाला असेल तर वरचं चामडं कितीही चांगलं असो, खर्च वाया जातो. तळ चामड्याचा आणि सोल शिवलेला असेल तर मात्र बदलून घेता येतो, तो बूट टाकू नका.

आणि पुराच्या गाळात बुडालेले बूट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर आठवडाभर माझ्याकडे असे जोड येत होते. डबक्यातून चाललेला बूट आणि गाळात तासन् तास पडून राहिलेला बूट यांत मोठा फरक आहे. गाळ ओला असतानाच ज्यांनी स्वच्छ पाण्यानं आतून-बाहेरून धुऊन सावलीत वाळवले होते, त्यांचे बरेच जोड वाचले. ज्यांचा गाळ आतच वाळला होता त्यांच्या बुटांना मी कागद लावून पाहिले, तीन-तीन फेऱ्या केल्या. रेघ गेली, पण वास गेला नाही आणि महिन्याभरात शिवण कुजली. असा बूट कोणी आणला तर आता मी आधी शिवणीचा एक टाका सुईनं ओढून बघतो. दोरा तुटला तर बूट परत पाठवतो.